बंद नळ का ठिबकतो: मंगळवार पेठेतल्या एका घरातले दोन नळ

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं हे दुमजली घर. गच्चीवर हजार लिटरची टाकी, तळमजल्यावर स्वयंपाकघर, वरच्या मजल्यावर बाथरूम. दोन नळांची तक्रार होती. सिंकवरचा जुना पितळी नळ, म्हणजे वर टी-आकाराची मूठ असलेला आणि चार-पाच वेढे फिरवून बंद होणारा, महिनोन्‌महिने ठिबकत होता. दिवाळी ते गुढीपाडवा एवढ्या काळात त्याचा वॉशर तीनदा बदलला गेला. प्रत्येक वेळी चार-आठ दिवस नळ कोरडा राहायचा आणि मग थेंब पुन्हा सुरू. दुसरा नळ वरच्या बेसिनवरचा, एका दांड्याचा मिक्सर. तो बसवून तीन वर्षंही झाली नव्हती. मे महिन्यात टाकी धुतली आणि दोन दिवसांनी तो ठिबकू लागला.

एकाच घरातले, एकाच टाकीवरचे हे दोन नळ बाहेरून एकच लक्षण दाखवत होते. आतली बिघाडाची रीत मात्र अगदी वेगळी होती, आणि एकावरचा इलाज दुसऱ्यावर केला असता तर नुकसानच झालं असतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहोत.

आधी मोजमाप

बंद केल्यानंतर पडणारा प्रत्येक थेंब ही गळती नसते. सिंकच्या नळाची मान हंसासारखी वळलेली असते. त्या वळणात पाणी साचतं आणि नळ बंद केल्यावर ते सावकाश निथळतं. बेसिनच्या मिक्सरच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यातही थोडं पाणी अडकतं. शॉवरचं तर विचारूच नका, तो बंद केल्यावर दहा मिनिटांनी अचानक घोटभर पाणी सोडतो. त्यामुळे नळ बंद करायचा, तोंड फडक्याने पुसायचं, पंधरा मिनिटं हात लावायचा नाही आणि त्यानंतर खाली भांडं ठेवायचं. त्यानंतरही थेंब एका लयीत पडत राहिले तर ती गळती.

या घरात दोन्ही नळांखाली तासभर भांडी ठेवली. स्वयंपाकघरात ४५० मिलिलिटर पाणी जमलं, वर १२० मिलिलिटर. खालचा नळ साधारण सेकंदाला एक थेंब सोडत होता. दिवसाचा हिशेब केला तर जवळपास ११ लिटर, महिन्याला सव्वातीनशे. हा आकडा पाण्याच्या बिलासाठी जितका कामाचा, त्याहून दुरुस्तीसाठी जास्त कामाचा आहे. दुरुस्तीनंतर तेच भांडं, तोच एक तास. फरक पडला की नाही ते अंदाजाने सांगावं लागत नाही.

पाणी कुठून येतं तेही पाहून घ्यायचं. नळ उघडा असताना मुठीच्या मुळाशी पाणी झिरपत असेल तर दोष ग्लँडचा, म्हणजे दांड्याभोवतीच्या दोऱ्याचा किंवा ओ-रिंगचा. भिंतीशी ओल असेल तर आट्यांवरची टेफ्लॉन टेप गेली. या दोन्ही गळतींचा वॉशरशी काही संबंध नाही. इथे मात्र नळ बंद असताना थेट तोंडातून पाणी येत होतं, म्हणजे पाणी जिथे अडायचं तिथेच अडत नव्हतं.

पितळी नळाच्या आत काय होतं

मूठ फिरवली की स्पिंडल आट्यांवरून खाली जातो. त्याच्या टोकाला जंपर असतो, म्हणजे देठ असलेली पितळी चकती, आणि तिच्या खाली रबरी वॉशर. नळाच्या बॉडीत आडव्या पडद्याला एक गोल भोक असतं आणि त्या भोकाच्या काठाला मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर आलेली पितळी कड असते. तिला सीट म्हणतात. वॉशर या कडेवर बसला की पाणी थांबतं. म्हणजे पाणी अडवणारी जोडी आहे, वर रबर आणि खाली पितळ. आपण बदलतो ते रबर, कारण ते हाताला येतं. पितळ बॉडीतच राहतं आणि बहुतेक वेळा कुणी त्याच्याकडे बघतही नाही.

आता दाब किती लागतो ते बघा. टाकीतल्या पाण्याची पातळी या सिंकच्या नळापासून साधारण आठ मीटर उंच. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो, या हिशेबाने इथे ०.८ किलो. सीटचं भोक १३ मिलिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १.३ चौरस सेंटिमीटर. पाणी वॉशरला खालून वर ढकलतं ते जेमतेम एक किलोच्या जोराने. तो जोर परतवून रबर कडेवर नीट दाबून बसवायला वरून थोडा जास्त दाब पुरतो. प्रत्यक्षात स्पिंडलच्या आट्यांमुळे हाताचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. साधं बंद केलं तरी वॉशरवर काही डझन किलोंचा दाब येतो, आणि ठिबकणारा नळ माणूस चिडून पूर्ण ताकदीने आवळतो तेव्हा तो शंभर किलोंच्या पुढे जातो. पितळेची अरुंद कड तेव्हा रबरात सुरीसारखी रुतते. थेंब थांबवण्यासाठी जास्त आवळणं हेच वॉशर लवकर फाटण्याचं सर्वांत मोठं कारण आहे.

या घरातही हेच चाललं होतं. घरातल्या वहिनींनी सांगितलं, “मुलांना कळंना म्हणून मीच रात्री शेवटचा गच्च आवळून ठेवते. सकाळी उघडायला ह्यांना बोलवावं लागतंय.”

तिसरा वॉशर काय सांगत होता

नळ खोलून काढलेला वॉशर पुसला आणि उजेडात धरला. त्यावर सीटचा गोल ठसा होता. तसा तो प्रत्येक वापरलेल्या वॉशरवर असतो. ठसा सगळीकडे सारखा खोल असेल आणि रबर कडक झालं असेल, नखाने दाबल्यावर खूण राहत नसेल, तर वॉशर वयाने गेला असं समजायचं. नवा घातला की काम संपलं.

इथे रबर अजून मऊ होतं. पण ठशाच्या गोलावर एका जागी बारीक उंचवटा होता, गोलाला आडवा, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. खोलगट ठशात उंचवटा येतो याचा अर्थ एकच. त्या जागी खाली पितळ नव्हतं आणि रबर त्या पोकळीत घुसलं होतं. सीटला चर पडला होता. वॉशर फेकून देण्याआधी अर्धा मिनिट त्याच्याकडे बघितलं असतं तर ही गोष्ट पहिल्याच खेपेला कळली असती.

खात्री करायला बॉडीत टॉर्च मारली. मग कान साफ करायच्या काडीचा कापूस सीटवरून गोल फिरवला. गुळगुळीत कडेवर कापूस सरकतो. इथे एका ठिकाणी त्याचे धागे अडकले. चर भिंतीकडच्या बाजूला होता. डोळ्याला तो काळी रेघ दिसत होता, पण बोटाच्या टोकालाही जाणवत नव्हता इतका उथळ.

हा चर पाण्यानेच पाडलेला असतो. पहिल्यांदा नळ ठिबकू लागतो तेव्हा वॉशर आणि सीट यांच्यात केसाएवढी फट असते. त्या फटीतून पाणी जोरात निसटतं. सोबत बारीक वाळू असतेच. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गढूळ होतं तेव्हा गाळण-शुद्धीकरणानंतरही थोडी बारीक माती टाकीच्या तळाशी बसते, हे कोल्हापुरात टाकी धुणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली जाऊन शहराचा पुरवठा बंद पडला होता. असा खंड पडून लाईन पुन्हा भरते तेव्हा पाईपात बसलेली घाण सुटून येते. ही माती फटीतून दिवसरात्र घासत राहिली की पितळ झिजतं. वॉशरची गळती दोन-चार दिवसांत थांबवली तर सीट वाचते. महिनोन्‌महिने चालू दिली तर चर पडतो.

मग नवा वॉशर चार-आठ दिवस तरी का चालायचा? नवं रबर लवचिक असतं. आवळल्यावर ते चरात शिरतं आणि पोकळी भरून काढतं. काही दिवस दाबाखाली राहिलं की रबराला तोच आकार पडतो, त्याची उसळी कमी होते आणि चराच्या तळाशी ते पुरेसा जोर लावू शकत नाही. तिथून पाणी पुन्हा वाट काढतं. म्हणून ‘वॉशर बदलला की आठवडाभर बरं वाटतं’ हे सीट खराब असल्याचं अगदी नेमकं लक्षण आहे. तिसऱ्या वेळी जुन्या चपलेच्या रबराचा कापलेला वॉशर घातला होता. ते रबर जास्त मऊ असल्याने त्याने पोकळी आणखी लवकर भरली आणि आणखी लवकर सोडली. एका रात्रीची अडचण भागवायला ते ठीक, त्यापुढे त्यावर भिस्त ठेवू नये.

सीट घासण्याचं काम

सिंकचा नळ भिंतीतून येतो, त्याला बेसिनसारखा खाली अँगल कॉक नसतो. त्यामुळे गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. जुना गेट व्हॉल्व्ह जाम असेल तर पाईप पान्याने जोर लावायचा नाही. तो तुटला तर टाकीभर पाणी गच्चीवर येतं. अशा वेळी टाकी रिकामी करून काम करणं परवडतं. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर नळ उघडून पाईपातलं पाणी काढलं आणि सिंकच्या जाळीवर फडकं घातलं, म्हणजे स्क्रू आत जात नाही.

हेड, म्हणजे स्पिंडल धरून ठेवणारा वरचा पितळी भाग, काढताना दोन गोष्टी सांभाळल्या. पहिली, नळ आधी अर्धा उघडा केला. बंद ठेवून हेड फिरवलं तर वॉशर सीटवर घासतो आणि आट्यांवर उगाच ताण येतो. दुसरी, एका पान्याने हेड सोडवताना दुसऱ्या हाताने नळाची बॉडी घट्ट धरली. नाहीतर हेडऐवजी अख्खा नळ फिरतो आणि भिंतीच्या आत सीपीव्हीसी पाईपचा जोड तडकतो. दहा रुपयांच्या वॉशरसाठी टाईल फोडायची वेळ येते ती इथे.

सीट सपाट करायला हाती कटर वापरला. रेडिमेड सीट कटर मिळतो, पण जुन्या नळांच्या आट्यांना त्याचा गाईड कित्येकदा बसत नाही. उद्यमनगरात लेथवाल्या टर्नरला जुनं हेड नमुन्याला दिलं तर तो त्याच आट्यांचा पितळी बुश करून देतो. बुशातून दांडा जातो आणि दांड्याच्या टोकाला सपाट दात्यांची चकती असते. बुश बॉडीच्या आट्यांत बसला की कटर सीटला अगदी काटकोनात राहतो. हे महत्त्वाचं आहे. हाताने, गाईडशिवाय घासलं तर कड एका बाजूला उतरती होते आणि आधी एका जागी असलेली गळती अर्ध्या गोलात पसरते. कानशीने किंवा बोटाला सॅंडपेपर गुंडाळून सीट घासणारे लोक नेमकी हीच चूक करतात.

कापण्याआधी सीटच्या कडेवर काळ्या मार्करने रंग दिला. मग कटर हलक्या दाबाने, एकाच दिशेने, दोन वेढे फिरवून बाहेर काढला. कडेवर पितळ चमकू लागलं होतं, पण चराच्या जागी आणि त्याच्या शेजारी थोडा काळा रंग शिल्लक होता. जिथे रंग उरतो तिथे कड अजून खाली आहे. पुन्हा दोन वेढे, पुन्हा टॉर्च. तिसऱ्या फेरीनंतर रंग पूर्ण गेला आणि कापसाचा धागा कुठेही अडकेना. एकूण पाव मिलिमीटरच्या आसपास पितळ गेलं असेल. रंग गेल्यावर थांबायचं. आणखी गुळगुळीत करण्याच्या नादात कड संपते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. बॉडीत पितळेचा किस पडलेला असतो. तो तसाच ठेवून नळ जोडला तर पहिल्याच आवळण्यात तो नव्या वॉशरमध्ये रुततो आणि संध्याकाळपर्यंत थेंब सुरू होतो. हेड काढलेलंच ठेवून, तोंडावर उलटं पातेलं धरून, वर एका माणसाकडून व्हॉल्व्ह पाच सेकंद उघडून घेतला. पाणी उसळून सगळा किस बाहेर आला. मग पुसून पुन्हा बोटाने तपासलं.

वॉशर दुकानातून आणताना जुना सोबत नेला होता. ‘अर्ध्या इंची नळाचा’ एवढं सांगून मिळणारा वॉशर दर वेळी सारखा नसतो. तो जंपरच्या चकतीएवढाच हवा. मोठा असेल तर कडेला बॉडीत घासून उलटा दुमडतो, लहान असेल तर सीटच्या भोकात घुसतो. जाड काळ्या नायट्राईल रबराचा, सपाट तोंडाचा वॉशर घेतला. जंपरच्या खालचा नट बोटाने घट्ट करून पान्याने फक्त किंचित फिरवला. तो जास्त आवळला तर रबर मध्ये दबून कडेला फुगतं आणि सीटवर सपाट बसत नाही. जंपरचा देठ स्पिंडलच्या भोकात सैल आहे का, तेही पाहिलं. थोडा खेळ हवाच, पण जंपर लोंबकळत असेल तर वॉशर तिरका टेकतो. इथे तो ठीक होता.

हेड परत बसवलं, तेही स्पिंडल वर घेऊनच. टाकीचा व्हॉल्व्ह सावकाश उघडला. नळ दोन बोटांनी बंद केला, पाणी थांबलं तिथेच सोडला. पंधरा मिनिटांनी भांडं ठेवलं. तासाभरात काहीच जमलं नाही. महिन्यानंतर पुन्हा मोजलं तेव्हाही भांडं कोरडंच होतं, आणि सीट खरंच दुरुस्त झाल्याचा पुरावा हा दुसरा आकडा आहे. पहिला आकडा तर चपलेच्या रबरानेही मिळाला असता.

या इलाजाला मर्यादा आहे. कड किती शिल्लक आहे त्यावर सीट दोन-तीनदा कापता येते. कड पडद्याच्या पातळीला आली की वॉशर अरुंद रेषेवर न बसता सगळ्या पृष्ठभागावर पसरतो आणि कितीही आवळलं तरी पाणी झिरपतं. कापताना चकचकीत पिवळ्याऐवजी गुलाबी-तांबूस, भुसभुशीत ठिपके दिसले तरी थांबावं. त्या जागी पितळेतलं जस्त निघून गेलेलं असतं आणि उरलेलं तांबं सच्छिद्र असतं. कटर तिथे गुळगुळीत कड देत नाही. या दोन्ही स्थितींत नळच बदलायचा.

वरच्या मजल्यावरचा मिक्सर

दांड्याच्या मिक्सरमध्ये वॉशर नसतो आणि सीटही नसते. आत प्लास्टिकच्या डबीसारखं कार्ट्रिज असतं आणि त्यात ॲल्युमिना सिरॅमिकच्या दोन चकत्या, तोंडाला तोंड लावून बसवलेल्या. खालची स्थिर, वरची दांड्याबरोबर सरकते. दोन्हींची भोकं एकमेकांसमोर आली की पाणी वाहतं, सरकली की बंद. ओल्या काचेवर ओली काच ठेवली की ती उचलता येत नाही, तशा या चकत्या एकमेकींना धरून असतात, कारण त्यांचे पृष्ठभाग कमालीचे सपाट घासलेले असतात. इथे पाणी आवळण्याने अडत नाही, सपाटपणाने अडतं. म्हणून ठिबकणाऱ्या मिक्सरचा दांडा खाली दाबून काहीच साधत नाही. फक्त आतला प्लास्टिकचा थांबा तुटतो.

मिक्सरला गरम आणि गार अशा दोन लाईन असतात, तेव्हा गळती कुठल्या बाजूची हे आधी ठरवलं. बेसिनखालचा गार पाण्याचा अँगल कॉक बंद केला आणि दहा मिनिटं थांबलो, ठिबक तशीच. तो उघडून गरम बाजूचा बंद केला. ठिबक थांबली. दोष गरम बाजूकडे. दुसरी खूण दांड्याची. बंद स्थितीत दांडा डावीकडून उजवीकडे नेला की थेंबांचा वेग बदलत होता. वेग बदलतो तेव्हा चकत्यांवर ओरखडा असण्याची शक्यता जास्त. दांडा कुठेही असला तरी थेंब तसाच पडत असेल तर आधी कार्ट्रिजच्या बुडाच्या रबरी रिंगांवर संशय घ्यावा, कारण तिथलं पाणी चकत्यांपर्यंत न जाता बाजूनेच निसटतं.

दोन्ही अँगल कॉक बंद केले. दांड्यावरचं लाल-निळं टोपण नखाने काढलं. आत बारीक स्क्रू होता, त्याला २.५ मिलिमीटरची ॲलन की लागली. दांडा उचलला, खालची चकचकीत टोपी हाताने फिरवून काढली, मग कार्ट्रिज दाबून धरणारा पितळी नट पान्याने सोडवला. कार्ट्रिज सरळ वर ओढलं. त्याच्या बुडाला दोन लहान खुंट्या असतात, त्या बॉडीतल्या खाचांत बसतात. कोणती खुंटी कुठे होती ते काढतानाच मोबाईलवर टिपून ठेवलं.

गरम बाजूच्या रबरी रिंगेखाली वाळूचा एक कण रुतलेला सापडला. भोकातून टॉर्च मारल्यावर चकतीवर एक बारीक पांढरी रेघही दिसली. शिवाय बुडाला पांढरट क्षार जमला होता. हे घर उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी घेतं. कोल्हापूरच्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा जड असतं, आणि पाणी तापलं की क्षार आधी सुटतो. म्हणून तो गरम बाजूला जास्त असतो.

कार्ट्रिज टाकून देण्याआधी धुवून पाहणं फुकटात होतं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवलं, जुन्या टूथब्रशने हलकं घासलं, स्वच्छ पाण्यात दांडा हलवून आतून धुतलं. बाथरूमचं ॲसिड इथे वापरायचं नाही, ते पितळ आणि क्रोम दोन्ही खातं. रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावलं. खोबरेल तेल किंवा गाडीचं ग्रीस बरेच जण लावतात, पण ईपीडीएम रबर त्याने फुगतं आणि महिन्याभरात रिंग खाचेतून बाहेर येते. जोडून पुन्हा तासभर मोजलं. १२० वरून ३० मिलिलिटर. रिंगेखालचा कण गेल्याने गळतीचा मोठा भाग गेला होता, उरलेला ओरखड्याचा होता. सिरॅमिकवरचा ओरखडा घरी घासून जात नाही. कार्ट्रिज बदलावं लागलं.

पहिल्यांदा आणलेलं कार्ट्रिज ४० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे जुन्याएवढंच होतं, पण उंचीला दोन मिलिमीटर कमी. नट शेवटपर्यंत गेला तरी ते खाली दाबलं जात नव्हतं आणि बुडाच्या रिंगा बॉडीवर टेकत नव्हत्या. नवं कोरं कार्ट्रिज घालूनही नळ गळतो तो अशाने. व्यास, उंची, खुंट्यांची जागा आणि बुडाची भोकं, चारही जुळली पाहिजेत, म्हणून जुना नमुना नेल्याशिवाय दुकानात जाऊ नये. पाव वेढ्याने बंद होणाऱ्या साध्या नळांच्या सिरॅमिक स्पिंडलचंही तेच. तिथे लांबी आणि वरच्या दात्यांची संख्या जुळवायची, शिवाय उघडण्याची दिशा बघायची. उलट्या दिशेचा स्पिंडल बसतो व्यवस्थित, फक्त मूठ उलटी चालते.

बदलून आणलेलं कार्ट्रिज बसवण्याआधी रिकाम्या बॉडीवर फडकं धरून एकेक अँगल कॉक क्षणभर उघडला. गरम बाजूने आणखी दोन-तीन कण बाहेर आले. मग खुंट्या खाचांत बसवल्या, नट हाताने घट्ट करून पान्याने सुमारे पाव वेढा दिला. सैल राहिला तर बुडातून गळतं, जास्त झाला तर दांडा जड होतो. दांडा दोन बोटांनी सहज हलत होता आणि भांड्यात काही जमलं नाही.

वाळू आली ती टाकी धुतल्यावर. टाकीचा तळ घासला की हललेला गाळ पाईपात उतरतो, आणि त्यानंतर पहिला उघडलेला नळ तो गिळतो. इथे पहिला उघडला गेला तो वरचा मिक्सर. पुढच्या वेळी टाकी धुतल्यावर दोन्ही अँगल कॉक आधी बंद करायचे, अंगणातला सगळ्यांत खालचा वॉशरवाला नळ पूर्ण उघडून बादलीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत सोडायचं, मग सिंकचा नळ. मिक्सर सर्वांत शेवटी, तोही तोंडाची जाळी काढून आणि दांडा आधी गार, मग गरम बाजूला ठेवून. बेसिनखाली आता आत जाळी असलेले अँगल कॉक बसवले आहेत. त्यांची जाळी बाजूचा नट सोडवून काढता येते. वरच्या बेसिनला पाण्याचा जोर कमी वाटला की आधी तीच धुवायची, मिक्सर उघडायचा नाही.